खरी सावंतवाडीची

आमच्या दुकानात एक रीत होती. बाळाच्या तोंडात जाणारी वस्तू आधी सासूबाईंच्या तोंडात जायची. गिऱ्हाईक समोर उभं असताना त्या खुळखुळा उचलायच्या, पदराने पुसायच्या, जिभेला लावायच्या, क्षणभर थांबायच्या आणि मगच कागदात बांधायच्या. मी लग्न होऊन ठाकूरद्वारला आले तेव्हा पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि मला किळस आली. दादरच्या कारकुनांच्या घरातली मुलगी मी, आमच्याकडे उष्ट्या भांड्याला हात लागला तरी आई नळाखाली उभी करायची. पण लेकुरवाळ्या बायका त्या जिभेवर विश्वास ठेवून लांबलांबून यायच्या, हे मला महिनाभरात कळलं.

दुकान सासऱ्यांनी घातलेलं. ते गेल्यावर सासूबाई गल्ल्यावर बसल्या त्या बसल्याच. रस्त्यावर दुकान, मागे आमच्या दोन खोल्या, वर पोटमाळा. दुकानात पोळपाट-लाटणी, रुखवतातली लाकडी फळं, भातुकली, भोवरे, पांगुळगाडे, खुळखुळे आणि बाहुल्या. दारावर पाटी, ‘सावंतवाडीची अस्सल लाकडी खेळणी. परदेशी माल मिळणार नाही.’ दुसरं वाक्य सासूबाईंनी स्वतः रंगवून घेतलेलं. संयुक्त महाराष्ट्राची ती वर्षं होती. आमचे हे दिवसा फोर्टातल्या कचेरीत कारकुनी करायचे आणि संध्याकाळी सभेला जायचे. घसा बसलेला घेऊन घरी यायचे आणि मला खुणेने गरम पाणी मागायचे. दुकानाच्या फळ्या कधी लागतील नि कधी उघडतील याचा भरवसा नव्हता. पण उघडल्या की गिऱ्हाईक असायचं, कारण जो तो महाराष्ट्राचंच घ्यायचं म्हणत होता.

अस्सल माल कसा ओळखायचा हे सासूबाईंनी मला शिकवलं. शिकवायची त्यांची पद्धत म्हणजे हातात वस्तू द्यायची आणि मी चुकले की नुसतं बघायचं. त्या बघण्याला मी जेवढी घाबरत असे तेवढी शाळेत छडीलाही घाबरले नव्हते. सावंतवाडीचे मेस्त्री लाकूड दोरीने गरगर फिरवतात, पटाशीने त्याला आकार देतात, आणि ते फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घासण्याने लाकूड तापतं, लाख पातळ होते आणि लाकडाला धरते. मग केवड्याच्या पानाने दाबून घासलं की झिलई येते. कुंचला कुठे लागतच नाही. म्हणून रंगाचे पट्टे अगदी सरळ कड्यासारखे उठतात, खाचेत रंग साचलेला दिसत नाही, आणि कड्यांमधून कुठेकुठे लाकडाची शीर डोकावते. लोकरीच्या तुकड्याने खसाखसा घासून नाकाला लावलं तर टपालातल्या पार्सलच्या लाखेचा वास येतो. दोन नग कधी तंतोतंत सारखे नसतात. बोटीने आलेला परदेशी माल याच्या उलटा. त्याला तेलरंगाचा वास, खाचेत रंगाचा जाड थर, आणि डझनातले बाराही नग एकाच साच्यातले.

“आणि ही?” एकदा मी बाहुलीला हात घालून विचारलं. आमच्या काचेच्या कपाटात बाहुल्यांची रांग होती, गोल बुडाच्या, चकचकीत, हिरव्या अंगावर गुलाबी फुलं असलेल्या. हातातल्या बाहुलीवर कुंचल्याचे फटकारे मला स्पष्ट दिसत होते.

“बाहुल्यांचं वेगळं असतं,” सासूबाई म्हणाल्या. “त्या चिताऱ्यांकडे जातात. ते खडूचं अस्तर लावून वर रंगवतात. सावंतवाडीत दोन्ही कामं चालतात.”

ते खरंच होतं. फळं तशीच रंगवतात, मी फळांच्या बुडाला अस्तर पाहिलं होतं. त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही. त्या फुलांना गिऱ्हाइकं कण्हेर म्हणायची. माझ्या उभ्या जन्मात तशी कण्हेर मी कुठे पाहिली नव्हती, पण चिताऱ्याच्या मनात आलं असेल म्हणून सोडून दिलं.

मग एका दुपारी नायगावच्या चाळीतली एक बाई आली. नवरा पोलिसात, कडेवर वर्षाचं पोर, आणि चेहरा तापलेला. सासूबाई मागच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. बाईने बाहुली माझ्यासमोर फळीवर आपटली.

“ही तुमच्याकडचीच ना? बघा पोराच्या हिरड्या. रंगाचे टवके निघाले तोंडातून. हिरवी लाळ गळत होती सकाळपासून.”

पोराचं तोंड उघडून पाहिलं. हिरड्या ठीक होत्या, पोर हसतही होतं, पण ओठाच्या कोपऱ्याला हिरवा डाग होता. मी पाणी आणलं, चूळ भरवण्याचा प्रयत्न केला, पोराने ते पाणी माझ्याच अंगावर उडवलं. बाई थोडी निवळली. मी तिला जवळच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आमच्या नावावर औषध घ्या म्हटलं, आणि बाहुली ठेवून घेतली.

ती गेल्यावर मी बाहुली उलटी केली. आमच्या प्रत्येक बाहुलीच्या बुडाला कागदाची गोल चकती चिकटवलेली असे, तिच्यावर शाईने ‘सावंतवाडी’. पोराने ती चघळून अर्धी सोलली होती. खाली लाकडावर ठसा होता. इंग्रजी अक्षरं, बारीक, निळी. मी कागद ओला करून पुरता सोलला. ‘जपान’ असं लिहिलं होतं.

मला आधी वाटलं माझं वाचायचं चुकतंय. मी कपाटातून दुसरी बाहुली काढली, चकतीला थुंकी लावून नखाने खरवडली. जपान. तिसरी, चौथी. सगळी रांग जपानची. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी दुकानाच्या फरशीवर उभं राहून कळलं. दारावर ती पाटी, कपाटात हा माल, आणि ज्या बाईने मला खरं-खोटं ओळखायला शिकवलं ती मागच्या खोलीत घोरत होती. पहिला विचार आला तो असा, की सावंतवाडीहून माल आणून देणाऱ्या कुणीतरी सासूबाईंना फसवलं असणार. दुसरं काही डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

मी त्यांना उठवलं आणि सोललेली बाहुली पुढे धरली.

त्यांनी ती हातातही घेतली नाही. “पोराला काही झालं नाही ना?” एवढंच विचारलं.

“नाही. पण आई, हा माल...”

“बाहुली तोंडात घालायची वस्तू नव्हे. मी कधी बाहुली जिभेला लावून दिली का कुणाला? खुळखुळे सगळे आपल्या सावंतवाडीच्या मेस्त्रींचे आहेत, शपथ घाल. तोंडात जाणारी एकही वस्तू मी खोटी विकलेली नाही.”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी तिथेच जमिनीवर बसले. इतका वेळ त्यांना फसवणारा म्हणून मी मनातल्या मनात ज्याची सालटी काढत होते, तो माणूसच नव्हता. चकत्या त्यांनी स्वतः खळ लावून चिकटवल्या होत्या, दुपारच्या वेळी, मी मागे धुणं धूत असताना. माल शिवडीच्या एका गोदामवाल्याकडून यायचा. ओल लागलेल्या खोक्यांतला, लिलावातला.

“का?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची पर्वा नव्हती.

सासूबाई उठल्या आणि पोटमाळ्याच्या शिडीकडे बोट केलं. “चढ.”

मी चढले. पोटमाळ्यावर आजवर मला पाठवलं नव्हतं, उंदीर आहेत म्हणून. वर टोपल्या होत्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत, भाताच्या पेंढ्यात बांधलेल्या. मी एकीत हात घातला. बाहुली आली. कातीव, हलकी, लाल-पिवळ्या-हिरव्या कड्यांची, डोळ्यांच्या जागी काजळाचे दोन ठिपके. लाखेचा वास. दुसऱ्या टोपलीतही तशीच, तिसऱ्या टोपलीतही. तळातल्या टोपल्यांचा पेंढा हाताला लागताच भुगा होत होता. किती वर्षांचं हे सगळं, मला अंदाज येईना.

“मेस्त्रींच्या बाहुल्या लोक घेत नाहीत,” सासूबाई खालून म्हणाल्या. “तुझे सासरे होते तेव्हाच कमी झालं होतं. फिक्या दिसतात, चकाकत नाहीत, डोळे नीट नाहीत. आता तर प्रत्येकाला सावंतवाडीचंच पाहिजे आणि मेस्त्रींची बाहुली पुढे केली की म्हणतात ही नको. एकदा या गोदामातल्या बाहुल्या ठेवून पाहिल्या. बायका म्हणाल्या, हां, ही खरी. मी काय करायचं? मेस्त्रींना सांगायचं, तुमचा माल आणू नका? तुझ्या सासऱ्यांनी त्यांना शब्द दिला होता, जेवढं कराल तेवढं घेऊ. मी घेते. पैसे देते. आणि वर ठेवते. त्यांना वाटतं खपतंय.”

मी शिडीच्या वरच्या पायरीवर बसून होते आणि मला त्यांचा राग येत होता, आणि त्याच वेळी रडूही येत होतं. त्यातलं आधी काय करावं हे न कळून मी नुसती बसून राहिले. खोटारडी म्हणावं तर बाईने स्वतःच्या ताटातलं काढून एका माणसाचं घर चालवलं होतं. चांगली म्हणावं तर रोज दारावरच्या पाटीखालून ये-जा करत होती.

आमच्या यांना मी काही सांगितलं नाही. त्यांनी सभेहून यावं, मराठी मालाचा अभिमान बाळगला पाहिजे म्हणून मला ऐकवावं, आणि मी बाहुल्यांकडे पाहत भाकरी थापावी, असे काही दिवस गेले. मी सासूबाईंना इतकंच म्हटलं की त्या बाहुल्या कपाटातून काढा. त्या म्हणाल्या दिवाळीनंतर. मी पुन्हा म्हटलं, त्या पुन्हा दिवाळीनंतर.

पावसाळ्यात कोकणची बोट बंद असते. ती सुरू झाल्यावर पहिल्याच खेपांपैकी एकीने मेस्त्री स्वतः आले. एरवी त्यांचा लालबागचा भाचा भाऊच्या धक्क्यावरून टोपल्या उतरवून आणून द्यायचा. मेस्त्री मुंबईला आल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहत होते. आदल्या संध्याकाळी भाच्याने निरोप दिला आणि सासूबाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला. सकाळी मी उठले तेव्हा त्या कपाट लावून बसल्या होत्या. जपानची रांग नाहीशी झाली होती. तिच्या जागी पोटमाळ्यावरच्या बाहुल्या, पुसलेल्या, ओळीने मांडलेल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

मेस्त्री आले. काळासावळा, काटकुळा माणूस, डोक्याला टोपी, हातात कोकमांची पुरचुंडी. दाराशी थबकून त्यांनी कपाट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला तो मला बघवेना.

“बरी मांडलास, वयनीनू,” ते म्हणाले.

सासूबाईंनी त्यांना चहा दिला. त्यांनी बशीत ओतून घेतला आणि ज्यासाठी बोट पकडून आले होते ते बोलले. त्यांच्या थोरल्या मुलाला परळच्या गिरणीत घ्यायला तयार होते. भाच्याने सगळं जमवलं होतं, होय-नाही तेवढं सांगायचं. मुलगा यायला तयार होता, पण बापाच्या शब्दावाचून पाऊल टाकणार नव्हता.

“तो गेलो तर दोरी कोण ओढतलो?” मेस्त्री म्हणाले. “कारभारीण होती तेव्हा ती ओढी. आता थोरलो झिल ओढता, धाकटो दिसभर शेतात आसता. एका माणसाचा काम नाय ह्या. एकान दोरी ओढूची, दुसऱ्यान पटाशी धरूची. झिल गिरणीत गेलो म्हणजे माझो धंदो बसलो. म्हणान म्हटला, आधी वयनींका विचारतंय. माल खपता मां?”

सासूबाईंनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

“खपता तर त्येका सांगतंय, रव घराक. नसलो खपत तर पोराक अडकवन ठेवूचा पाप माका नको. माका खरा ता सांगा.”

मी फळीमागे उभी होते. सासूबाईंनी तोंड उघडलं. आजही मला ठाऊक नाही त्या काय म्हणणार होत्या, कारण नेमकी तेव्हाच दादरहून एक बाई दुकानात शिरली. नेहमीची. चांगल्या घरची, नऊवारी इस्त्रीची, जाडजूड पर्स. तिची धाकटी जाऊ बाळंत झाली होती आणि स्वतःच्या पोरीला घेतली तशीच बाहुली तिला जावेच्या पोरीसाठीही हवी होती. दोघींत भांडणं नकोत म्हणून अगदी तशीच.

सासूबाईंनी कपाटातली बाहुली काढून पुढे ठेवली. बाईने ती उचलली, उलटसुलट केली आणि ठेवून दिली.

“ही नको हो. ही नकली दिसते. रंग बघा, कसा विटकासा. आणि हे काय डोळे? आम्हाला फसवू नका हं तुम्ही. सगळीकडे हल्ली सावंतवाडीच्या नावावर काहीही खपवतात.”

तिने पर्स उघडली आणि पोरीची जुनी बाहुली काढून फळीवर ठेवली. चकचकीत, गोल बुडाची, अंगावर गुलाबी फुलं. “अशी द्या. खरी सावंतवाडीची.”

रस्त्यावरच्या ट्रामची घंटा मला कानात घातल्यासारखी ऐकू आली. सासूबाईंनी फळीची कड घट्ट धरली होती. मेस्त्री बशी खाली ठेवून उठले, फळीजवळ आले, आणि त्यांनी ती बाहुली हातात घेतली. बोटाने मान चाचपली, नखाने खाच तपासली, उलटी करून बुडाची चकती पाहिली. चकतीवरचं ‘सावंतवाडी’ सासूबाईंच्या अक्षरात होतं. मेस्त्रींना अक्षरओळख होती. मग त्यांनी शेजारची आपली बाहुली उचलली, दोन्ही दोन हातांत धरल्या, आणि एकदा सासूबाईंकडे पाहिलं. त्या बघण्यात काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी मात्र मान खाली घातली.

बाईला वाटलं कुणी जाणकार कारागीर आहे. “तुम्हीच सांगा हो,” ती म्हणाली. “तुम्ही तिकडचेच दिसता. यातली खरी सावंतवाडीची कुठली?”

मेस्त्रींनी उजवा हात पुढे केला. जपानची बाहुली.

“ही,” ते म्हणाले. “ही घ्या, बाई.”

“बघा,” बाई सासूबाईंना म्हणाली. “मला कळतं.”

सासूबाईंनी कुठूनतरी, पायापाशी झाकून ठेवलेल्या खोक्यातून, तशीच दुसरी काढली. त्यांच्या हातून कागद दोनदा सुटला. शेवटी मी बांधून दिली. बाई गेली. जाताना मेस्त्रींना नमस्कार करून गेली.

मग सासूबाईंनी सगळं सांगितलं. न थांबता, न रडता, खाली पाहत. मेस्त्री ऐकत होते. मध्येच ते इतकंच म्हणाले, “माळ्यावर चढूक माका जमाचा नाय. एक टोपली खाली काढा.” मी टोपली आणली. त्यांनी पेंढा बाजूला केला, एक बाहुली काढून बाहीने पुसली, उजेडात फिरवली आणि परत ठेवली. पेंढा पुन्हा नीट झाकला. रागाचा एक शब्द त्यांच्या तोंडून आला नाही, आणि मला ते सहन होईना. कुणीतरी ओरडायला हवं होतं. माझ्याच्याने ओरडवत नव्हतं आणि ज्यांना हक्क होता ते पेंढा झाकत होते.

“मेस्त्री, माझं चुकलं,” सासूबाई म्हणाल्या.

“वयनीनू, माझी पोरां तुमच्या पैशान मोठी झाली,” ते म्हणाले, आणि टोपी घालून निघाले.

सासूबाईंनी मला खूण केली. मी त्यांना ट्रामपर्यंत सोडायला गेले. ते झपाझप चालत होते, मला गाठताना धाप लागली. गिरगावात भिंतीभिंतीवर महाराष्ट्राच्या घोषणा रंगवलेल्या होत्या, त्या वाचत गेल्यासारखे ते प्रत्येक भिंतीकडे पाहत होते. शेवटी मला राहवेना.

“तुम्ही त्या बाईला तसं का सांगितलंत?”

“तिका ती होयी होती, तिका ती दिली,” ते म्हणाले. “त्या दुकानात उभो रवान मी वयनींका खोटा पाडू?”

थांब्यावर गर्दी नव्हती. ते खांबाला टेकून उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला.

“मगे इतकी वर्सा मी करी होतंय ता कोणासाठी? एकाव पोराच्या हातात माझा काय गेला नाय?”

मला एकदम आठवलं आणि मी घाईघाईने म्हणाले, “गेलं, मेस्त्री. खुळखुळे गेले. ते सगळे तुमचेच आहेत. ते वर एकही पडलेले नाहीत. आई जिभेला लावून देतात, बायका रांग लावून नेतात. दिवाळीला कमी पडतात.” हे शंभर टक्के खरं होतं आणि ते बोलताना मला केवढं बरं वाटलं. या माणसाला देण्यासारखं माझ्याकडे काहीतरी आहे असं वाटलं.

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते हसतील.

“खुळखुळे झिल करता,” ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

“बाहुल्यो मी. खुळखुळे त्येचे. सांजचा माझा काम झाल्यार तो धाकट्या भावाक दोरीक बसयता आणि खुळखुळे करता. मी म्हणी होतंय, पोरखेळ आसा, करूं दे.”

परळकडे जाणारी ट्राम वळणावर दिसली. मी सांगितलेली चांगली गोष्ट या माणसाला पुरती बुडवून गेली असं मला वाटलं. मी गिरणीचं विचारलं. मुलगा मग येणार का गिरणीत?

“कित्याक?” मेस्त्री म्हणाले. “त्येचो हात चलता, तर तो कित्याक गिरणीत येतलो?” त्यांनी आपले दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले. उजव्या अंगठ्याला पटाशीचा जाड घट्टा होता. “धाकटो जाव दे गिरणीत. आता पटाशी त्येच्या हातात. दोरी मी ओढतलंय.”

ते ट्राममध्ये चढले आणि दाराशीच उभे राहिले, एका हाताने वरचा पट्टा धरून.